तीन टप्प्यांत गुवाहाटी

पुण्याहून गुवाहाटीचं विमानाचं तिकीट शोधायला बसलं, की भाड्यांच्या यादीशेजारी थांबे निवडण्याची सोय दिसते: विनाथांबा, एक थांबा, दोन थांबे. सोबत वय झालेली आई असेल किंवा दोन जड बॅगा असतील, तर माणूस तिथे हमखास काहीतरी निवडतो. चार विमानं बदलून हजार रुपये वाचवण्याची कुणाची तयारी नसते. त्यामुळे प्रश्न ‘सर्वांत स्वस्त मार्ग कोणता’ एवढाच राहत नाही. तो ‘फार तर दोन थांबे घेऊन सर्वांत स्वस्त मार्ग कोणता’ असा होतो.

ही अट किरकोळ वाटते. आधी स्वस्त मार्ग काढावा, मग त्यातले थांबे मोजावेत, जास्त भरले तर पुढचा मार्ग बघावा, असं पहिल्यांदा सुचतं. पण अट घातली की गणित मुळापासून बदलतं. स्वस्त मार्ग शोधण्याची सर्वांत नावाजलेली पद्धत या अटीपुढे सरळ चुकीचं उत्तर देते. आणि जिला एरवी संथ म्हणून बाजूला ठेवलं जातं, ती बेलमन-फोर्ड पद्धत जवळजवळ काही न बदलता बरोबर उत्तर देते. हे का घडतं, ते एका छोट्या उदाहरणावर नीट बघू.

सहा शहरं घेऊ: पुणे, हैदराबाद, नागपूर, दिल्ली, कोलकाता आणि गुवाहाटी. त्यांच्यात सात विमानं आहेत असं धरू. भाडी आणि विमानं दोन्ही हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ठरवली आहेत, तेव्हा उद्याच्या तिकिटाशी ती ताडून पाहू नका. पुणे ते हैदराबाद २,००० रुपये, हैदराबाद ते नागपूर १,५००, पुणे ते नागपूर थेट ४,५००, नागपूर ते कोलकाता २,०००, कोलकाता ते गुवाहाटी २,५००, पुणे ते दिल्ली ५,००० आणि दिल्ली ते गुवाहाटी ६,०००. पुणे-गुवाहाटी थेट विमान आपल्या यादीत नाही.

यादीकडे थोडा वेळ पाहिलं की एक गोष्ट नजरेत भरते. नागपूरला थेट गेलं तर ४,५०० लागतात, हैदराबादवरून गेलं तर ३,५००. फक्त पैशाचा विचार केला तर थेट विमानाकडे पुन्हा बघायचंही कारण नाही. पण हैदराबादवरून जाण्यात एक टप्पा जास्त खर्च होतो, आणि टप्पे आपल्याला मोजून मिळालेले आहेत. पुढची सगळी गंमत या नागपुरात आहे.

टप्पा आणि थांबा यांत घोटाळा होऊ नये म्हणून आधीच सांगतो. एका विमानाचा एक प्रवास म्हणजे एक टप्पा. दोन टप्प्यांच्या मध्ये एक थांबा येतो. म्हणून दोन थांब्यांची मुभा म्हणजे तीन टप्पे. थांब्यांपेक्षा टप्पे नेहमी एकाने जास्त. प्रोग्रॅम लिहिणारे इथे इतक्या वेळा चुकतात की मी आकडा लिहिण्याआधी तो कशाचा आहे हे शब्दात लिहायला सांगतो.

आता नावाजलेली पद्धत. एड्स्खर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ती १९५९ साली प्रसिद्ध केली. तिचं तत्त्व असं: ज्या शहरांचा हिशेब अजून पक्का झालेला नाही, त्यांतलं सर्वांत स्वस्तात गाठता येणारं शहर उचला, त्याचं भाडं कायमचं पक्कं करा आणि तिथून पुढच्या शहरांचे अंदाज सुधारा. एकदा पक्कं केलेलं शहर पुन्हा उघडायचं नाही. भाडी उणे नसतील तर हे तत्त्व बिनचूक आहे, आणि त्याचा वेग याच ‘पुन्हा उघडायचं नाही’ या नियमातून येतो.

तीन टप्प्यांची मर्यादा घालून आपल्या यादीवर ती चालवून बघू. पुणे शून्य रुपयांत पक्कं. मग हैदराबाद २,००० ला पक्कं. त्यानंतर नागपूर: थेट ४,५००, हैदराबादवरून ३,५००, म्हणून ३,५०० ला दोन टप्प्यांत पक्कं, आणि ४,५०० चा मार्ग टाकून दिला. पुढे दिल्ली ५,००० ला. मग कोलकाता, ३,५०० अधिक २,००० म्हणजे ५,५०० ला, पण इथवर तीन टप्पे संपले. कोलकात्याहून गुवाहाटीचं विमान समोर उभं आहे आणि आपल्याकडे टप्पा उरलेला नाही. उरतो तो दिल्लीवरून जाणारा मार्ग, ११,००० रुपयांचा. पद्धत म्हणते, उत्तर ११,०००.

खरं उत्तर ९,००० आहे. पुण्याहून थेट नागपूर ४,५००, तिथून कोलकाता २,०००, तिथून गुवाहाटी २,५००. बरोबर तीन टप्पे. ज्या महागड्या पुणे-नागपूर विमानाला आपण नागपूरच्या फाटकावरच परत पाठवलं, तेच इथे हवं होतं. नागपूरपर्यंत ते हजार रुपयांनी महाग होतं खरं, पण त्याच्या हातात एक टप्पा शिल्लक होता आणि त्या टप्प्याची किंमत पुढे जाऊन दोन हजार निघाली.

चूक डाइक्स्ट्राच्या पद्धतीची नाही. ती ज्या प्रश्नासाठी केली आहे, त्यात एका शहराला एकच आकडा पुरतो. नागपूरला स्वस्तात पोहोचलो की पुढचा प्रवास काहीही असो, स्वस्तात पोहोचणं नेहमीच फायद्याचं. मर्यादा आली की हे खरं राहत नाही. ‘एका टप्प्यात ४,५०० ला नागपुरात’ आणि ‘दोन टप्प्यांत ३,५०० ला नागपुरात’ या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. त्यांतली कोणती चांगली हे नागपुरात उभं राहून सांगता येत नाही. म्हणून दोन्ही जपून ठेवाव्या लागतात.

त्या जपायच्या कशा, याचं उत्तर थरांत आहे. एका इमारतीची कल्पना करा. प्रत्येक मजल्यावर तीच सहा शहरं आहेत. तळमजल्यावर आपण पुण्यात उभे आहोत. प्रत्येक विमान म्हणजे एक जिना, आणि तो नेहमी बरोबर एक मजला वर नेतो. पुणे-नागपूर विमान तळमजल्यावरच्या पुण्यातून पहिल्या मजल्यावरच्या नागपुरात उतरवतं. हैदराबादवरून आलात तर तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या नागपुरात असता. दोन्ही नागपुरं वेगळी, दोघांचे हिशेब वेगळे. तीन टप्प्यांची मुभा म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या वर जिना नाही. खाली येणारा जिना तर कुठेच नाही, त्यामुळे या इमारतीत गोल फिरत राहणं शक्यच नसतं.

असा आराखडा डोळ्यांपुढे असला की काम सोपं होतं. एका मजल्याचा हिशेब पुरा करायचा, मग त्यावरून वरच्या मजल्याचा. वरच्या मजल्याचा हिशेब करताना यादीतली सातही विमानं एकदा तपासायची. प्रत्येक विमानाला एकच प्रश्न विचारायचा: खालच्या मजल्यावर तुझ्या सुटण्याच्या शहरापर्यंत जेवढे पैसे लागले, त्यात तुझं भाडं मिळवलं, तर पोहोचण्याच्या शहराचा वरच्या मजल्यावरचा आकडा कमी होतो का? होत असेल तर नवा आकडा लिहायचा. या एका तपासणीला रिलॅक्सेशन म्हणतात. ‘फार तर इतके टप्पे’ असं हवं असल्यामुळे वरच्या मजल्याची सुरुवात खालच्या मजल्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून करायची. कमी टप्प्यांत जे जमतं, ते जास्त मुभा मिळाल्यावरही जमतंच.

आपल्या यादीचा हिशेब असा उतरतो. पुण्याचा आकडा सगळीकडे शून्य आहे, म्हणून तो लिहिलेला नाही. आडवी रेघ म्हणजे अजून पोहोचता येत नाही.

| फार तर टप्पे | हैदराबाद | नागपूर | दिल्ली | कोलकाता | गुवाहाटी |
|---|---|---|---|---|---|
| १ | २,००० | ४,५०० | ५,००० | – | – |
| २ | २,००० | ३,५०० | ५,००० | ६,५०० | ११,००० |
| ३ | २,००० | ३,५०० | ५,००० | ५,५०० | ९,००० |
| ४ | २,००० | ३,५०० | ५,००० | ५,५०० | ८,००० |

कोलकात्याचा रकाना बोट ठेवून वाचा. दुसऱ्या ओळीत तिथे ६,५०० आहेत, कारण त्या वेळी पहिल्या ओळीतलं ४,५०० वालं नागपूर वापरलं गेलं. त्याच दुसऱ्या ओळीत नागपूर ३,५०० वर आलं आहे, पण त्याचा फायदा कोलकात्याला लगेच मिळत नाही, तो तिसऱ्या ओळीत मिळतो. आणि गुवाहाटीच्या तिसऱ्या ओळीतले ९,००० हे दुसऱ्या ओळीतल्या ६,५०० मध्ये २,५०० मिळवून आले आहेत. प्रत्येक स्वस्ताई एका ओळीने उशिरा पुढे सरकते. हा उशीर म्हणजेच टप्प्यांची मोजदाद. वेगळा मोजणारा आकडा कुठे ठेवावा लागत नाही. ओळीचा क्रमांकच ते काम करतो.

गुवाहाटीचा रकाना वरून खाली वाचला तर आणखी एक गोष्ट हाती लागते. एका थांब्यात ११,०००, दोन थांब्यांत ९,०००, तीन थांब्यांत ८,०००. विचारलं होतं दोन थांब्यांचं, पण आजूबाजूची उत्तरंही आपोआप मिळाली. एक थांबा वाचवायला दोन हजार मोजावे लागतात, हे प्रवाशाला दिसलं तर तो नीट ठरवू शकतो. तिकिटाच्या साइटवर तीन वेगवेगळे आकडे शेजारी शेजारी दाखवायला वेगळा शोध घ्यावा लागत नाही, ते मला या पद्धतीचं सर्वांत देखणं अंग वाटतं.

चौथ्या ओळीनंतर पाचवी काढून बघितली तर काहीच बदलत नाही. सहा शहरांच्या यादीत एकही शहर दोनदा न घेणारा मार्ग जास्तीत जास्त पाच टप्प्यांचा असतो, त्यामुळे भाडी उणे नसतील तर पाच ओळींपुढे नवं काही निघण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे मर्यादा पाचवर नेली की मर्यादा नसलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. बेलमन-फोर्डची पाठ्यपुस्तकातली ओळख याच टोकाकडून करून दिली जाते: सगळी विमानं तपासा, हे शहरांच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या वेळा करा, झालं. मग मर्यादित थांब्यांचा प्रश्न हा त्या पद्धतीचा एक तोकडा, मधेच थांबवलेला प्रकार वाटतो. मला हे उलटं वाटतं. मुळात प्रत्येक फेरीला स्वतःचा अर्थ आहे, आणि मर्यादा नसलेला प्रश्न हा त्या फेऱ्यांचा शेवटचा मुक्काम आहे.

रिचर्ड बेलमन यांचा १९५८ सालचा निबंध याच दिशेने जातो. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करताना त्यांनी डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची मांडणी केली. शहरांमधल्या प्रवासाच्या प्रश्नावर ती लावताना त्यांनी एकेका फेरीत येणाऱ्या आकड्यांकडे ‘फार तर इतके थांबे घेऊन लागणारा कमीत कमी वेळ’ म्हणून पाहिलं. थांब्यांची भाषा नंतर कुणी चिकटवलेली नाही, ती तिथेच होती. लेस्टर फोर्ड यांनी दोन वर्षं आधी, १९५६ मध्ये, त्याच संस्थेत जवळची पद्धत मांडली होती, म्हणून जोडनाव पडलं.

आता प्रोग्रॅम. तो इतका आटोपशीर आहे की पूर्ण इथे देता येतो.

```python
def cheapest(n, flights, src, dst, stops):
    INF = float("inf")
    old = [INF] * n
    old[src] = 0
    for _ in range(stops + 1):
        new = old[:]
        for u, v, fare in flights:
            if old[u] + fare < new[v]:
                new[v] = old[u] + fare
        old = new
    return old[dst]
```

`old` म्हणजे खालचा मजला, `new` म्हणजे वरचा. फक्त भाडं हवं असेल तर एका वेळी दोनच मजले लक्षात ठेवले तरी भागतं. `stops + 1` मध्ये थांब्यांचे टप्पे झाले. शेवटी `INF` परत आलं तर इतक्या थांब्यांत मार्गच नाही, असं समजायचं. काम किती पडतं? सात विमानं, तीन फेऱ्या, एकवीस तपासण्या. पाच हजार विमानांची यादी असली तरी दोन थांब्यांसाठी पंधरा हजार तपासण्या होतात, आणि तेवढं काम संगणकाला फार नाही. थांब्यांची मर्यादा लहान असते, म्हणूनच एरवी संथ म्हटली जाणारी ही पद्धत इथे चपळ ठरते.

या अकरा ओळींत सर्वांत जपण्यासारखी खूण म्हणजे `old[:]` मधला कंस. पायथनमध्ये तो नसेल आणि नुसतं `new = old` लिहिलं, तर नक्कल होत नाही. एकाच यादीला दोन नावं मिळतात. वरचा आणि खालचा मजला एक होतो. मग काय होतं ते आपल्याच यादीवर बघा, विमानं मी ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने, पहिल्याच फेरीत. हैदराबाद २,००० झालं. लगेच पुढच्या विमानाने ते वापरलं आणि नागपूर ३,५०० झालं. पुणे-नागपूर थेट विमान आलं, ४,५०० कमी नाही म्हणून सोडलं. नागपूर-कोलकाता आलं, कोलकाता ५,५००. कोलकाता-गुवाहाटी आलं, गुवाहाटी ८,०००. पहिली फेरी संपायच्या आत चार टप्प्यांचा प्रवास पुरा झाला. ‘विनाथांबा’ मागितलं असताना प्रोग्रॅम सांगतो, आहे ना, आठ हजार रुपये. पुणे-गुवाहाटी थेट विमान यादीत नाहीच.

ही चूक दडून बसते, म्हणून ती जास्त त्रासाची. तीच यादी उलट्या क्रमाने दिली, म्हणजे दिल्ली-गुवाहाटी पहिलं आणि पुणे-हैदराबाद शेवटी, तर नक्कल नसलेला तोच प्रोग्रॅम प्रत्येक फेरीला अगदी बरोबर आकडे देतो. कारण कुठलंही विमान तपासताना त्याच्या सुटण्याच्या शहराचा आकडा त्या फेरीत अजून बदललेला नसतो. एखाद्याने योगायोगाने उलट्या क्रमाची यादी तपासणीसाठी घेतली, तर सगळं ठीक आहे असं समजून तो पुढे जाईल. म्हणून ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे विमानांची यादी पुन्हा पुन्हा पिसून प्रोग्रॅम चालवणं. बरोबर प्रोग्रॅमचं उत्तर यादीच्या क्रमावर कधीच अवलंबून नसतं. आणि दुसरी तपासणी, मर्यादा शून्य थांब्यांची ठेवणं. तिथे थेट विमानाच्या भाड्याखेरीज दुसरा आकडा आला तर नक्कल चुकली आहे.

ही चूक अनेकांच्या हातून का होते, यालाही कारण आहे. मर्यादा नसलेल्या प्रश्नात नक्कल न घेणं हा दोष नाही, ती चांगली सुधारणा आहे. ताजे आकडे त्याच फेरीत वापरले की शेवटचं उत्तर लवकर मिळतं आणि ते चुकत नाही. बेलमन-फोर्ड असं एकाच यादीवर लिहायची सवय झालेला माणूस मर्यादेच्या प्रश्नाला हात घालतो आणि सवयीने तेच लिहितो. पण इथे फेरीचा क्रमांक हाच टप्प्यांचा हिशेब आहे. ताजा आकडा घाईने वापरला की हिशेब पुसला जातो.

दुसरी चूक मार्ग दाखवताना होते, आणि ती आकड्यात दिसत नाही. भाड्याबरोबर प्रवाशाला मार्गही सांगायचा असतो. त्यासाठी प्रत्येक शहरापुढे ‘इथे कुठून आलो’ ही नोंद ठेवतात. आकडा सुधारला की नोंदही बदलायची. आपल्या यादीवर तीन फेऱ्यांनंतर ही नोंद काय असेल? गुवाहाटीला कोलकात्याहून आलो. कोलकात्याला नागपूरहून. नागपूरला हैदराबादहून, कारण दुसऱ्या फेरीत ३,५०० वाला मार्ग आला तेव्हा ती नोंद बदलली. हैदराबादला पुण्याहून. म्हणजे पडद्यावर दिसेल: भाडं ९,०००, मार्ग पुणे, हैदराबाद, नागपूर, कोलकाता, गुवाहाटी. त्या मार्गाची बेरीज ८,००० होते आणि त्यात तीन थांबे आहेत. भाडं एका प्रवासाचं, मार्ग दुसऱ्याच प्रवासाचा.

गडबड पुन्हा नागपुरातच झाली. नऊ हजारांचा हिशेब पहिल्या मजल्यावरच्या नागपुरातून गेला होता, आणि नोंद मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या नागपूरची उरली होती. उपाय सरळ आहे. नोंदी प्रत्येक मजल्यासाठी वेगळ्या ठेवायच्या, आणि मागे येताना एकेक मजला उतरत यायचं: तिसऱ्यावरची गुवाहाटी, दुसऱ्यावरचा कोलकाता, पहिल्यावरचं नागपूर, तळमजल्यावरचं पुणे. मजल्याचा आकडा नुसता खालून उतरवलेला असेल तर त्याच शहरात राहून एक मजला उतरायचं, तो टप्पा धरायचा नाही. यासाठी दोन मजल्यांवर भागत नाही, सगळे ठेवावे लागतात. तेवढी जागा खर्च करायला हवीच. आणि दाखवण्याआधी मार्गातल्या टप्प्यांची भाडी पुन्हा मिळवून बघावीत. ती बेरीज दाखवलेल्या भाड्याशी जुळली नाही, तर दोष नोंदींत आहे हे लगेच कळतं.

नक्कल घेण्याच्या त्या ओळीशी आणखी एक अर्थ जोडलेला आहे. वरच्या मजल्याची सुरुवात खालच्या आकड्यांऐवजी सगळीकडे `INF` लिहून केली, तर उत्तर ‘फार तर इतके टप्पे’ याचं राहत नाही, ‘बरोबर इतके टप्पे’ याचं होतं. आपल्या यादीत बरोबर चार टप्प्यांत गुवाहाटी ८,००० ला मिळते, पण बरोबर पाच टप्प्यांचा एकही मार्ग नाही. त्यामुळे चार थांब्यांची मुभा दिल्यावर असा प्रोग्रॅम ‘मार्ग नाही’ म्हणून हात वर करेल. मुभा वाढवल्यावर भाडं वाढलेलं दिसलं किंवा मार्गच गायब झाला, तर ही चूक शोधावी. गुवाहाटीच्या रकान्यात वरून खाली येताना आकडा फक्त घटू शकतो किंवा तसाच राहू शकतो.

डाइक्स्ट्राची पद्धत या प्रश्नात वापरताच येत नाही, असं मात्र नाही. पक्कं करायचं ते शहर न घेता शहर आणि मजला ही जोडी घेतली, की ती पुन्हा बरोबर चालते, कारण मग ती त्या इमारतीतच फिरते. एखादी जोडी टाकून द्यायची ती तेव्हाच, जेव्हा त्याच शहरात तिच्याइतक्या किंवा तिच्यापेक्षा कमी टप्प्यांत, तितक्याच किंवा कमी पैशांत पोहोचलेली दुसरी जोडी हातात असते. नुसती महाग असणं हे टाकण्याचं कारण नाही. थांबे पुष्कळ आणि विमानं फार असतील तर हा प्रकार फायद्याचा ठरू शकतो. दोन-तीन थांब्यांसाठी मी सरळ फेऱ्या मारणं पसंत करतो, कारण त्यात चूक शिरायला जागा कमी आहे.

आता या पद्धतीची स्वतःची मर्यादा कुठे येते ते बघू. थांबे मोजण्याचा प्रश्न सोपा सुटला, कारण प्रत्येक विमान मजल्यांच्या हिशेबात बरोबर एक खर्च करतं आणि मजले थोडे असतात. थांब्यांऐवजी एकूण वेळेची अट घातली, समजा बारा तासांच्या आत पोहोचवा, तर एकेका मिनिटाचा एकेक मजला करावा लागतो. बारा तासांचे ७२० मजले. दीड तासाचं विमान एकदम ९० मजले वर चढतं. रीत तीच, उत्तरही बरोबर येतं, पण काम मिनिटांच्या संख्येइतकं फुगतं. वेळ जितका बारीक मोजाल तितकी इमारत उंच होत जाते. पैसे आणि वेळ दोन्ही कितीही मोठे, कितीही बारीक आकडे असू शकतात अशा सर्वसाधारण रूपात हा प्रश्न खरोखर अवघड वर्गात मोडतो, त्यावर नेहमी झटपट चालणारी पद्धत कुणाला माहीत नाही.

दुसरी मर्यादा भाड्याची. आपण सगळीकडे धरून चाललो की प्रवासाचं भाडं म्हणजे टप्प्यांच्या भाड्यांची बेरीज. विमान कंपन्या असं नेहमी करत नाहीत. पुणे-नागपूर आणि नागपूर-कोलकाता एकाच तिकिटावर घेतलं तर ६,५०० ऐवजी ५,८०० लावू शकतात. तेव्हा नागपूरच्या खान्यात एक आकडा लिहून पुढे जाता येत नाही, कारण पुढच्या टप्प्याचं भाडं मागचा टप्पा कुठला यावर ठरतं.

अशी जोडतिकिटं थोडी असतील तर इमारतीत त्यांनाही जागा करता येते. प्रत्येक जोडतिकीट म्हणजे एकदम दोन मजले चढणारा जिना. पुणे-कोलकाता जोडतिकीट तळमजल्यावरच्या पुण्यातून सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या कोलकात्यात ५,८०० ला पोहोचवतं. दुसऱ्या ओळीतल्या कोलकात्याचे ६,५०० खोडून ५,८०० लिहायचे, आणि तिसऱ्या ओळीत गुवाहाटी ९,००० वरून ८,३०० वर येते. हिशेब करताना एका ओळीऐवजी दोन ओळी मागे बघावं लागतं, म्हणून दोनऐवजी तीन ओळी हाताशी ठेवायच्या. बाकी काही बदलत नाही.

खऱ्या बाजारात मात्र अशा जोड्या थोड्या नसतात. परतीचं तिकीट, आठवड्याचे वार, मुक्कामाचे दिवस, कोणत्या कंपनीचा टप्पा कुठल्या टप्प्याला जोडायचा, असे नियम भाड्यावर भाडं चढवत जातात. विमानभाड्यांचा शोध घेणारी आज्ञावली बनवणाऱ्या आयटीए सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीतले कार्ल द मार्कन यांनी २००३ च्या टिपणांत या नियमांचा गणिती अभ्यास मांडला. त्यांनी दाखवलं की विमानं आधीच ठरलेली असली तरी त्यांचं सर्वांत स्वस्त भाडं काढणं हाच मुळात अवघड प्रश्न आहे, आणि नियमांना पूर्ण मोकळीक दिली तर वैध तिकीट अस्तित्वात आहे की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीतच असू शकत नाही. म्हणून अशा शोधांत मजल्यांची ही इमारत सुरुवातीला चालते: थांब्यांच्या मर्यादेत बसणारे बरेसे मार्ग ती चटकन वेगळे काढून देते, आणि त्या निवडक मार्गांवर भाड्यांचे नियम मग एकेक करून लावून बघावे लागतात.